फळांच्या रसाची आम्लता, पीएच आणि ब्रिक्स-आम्ल गुणोत्तर: सोडवलेली उदाहरणे

अन्नतंत्रज्ञान, तिसरे वर्ष. अन्न विश्लेषण प्रात्यक्षिकासोबतचा सराव.

या प्रकरणातली सूत्रं दोन ओळींत संपतात. मार्क जातात ते सूत्रात नाहीत, एककांत जातात: शंभर मिलीला की शंभर ग्रॅमला, सायट्रिक म्हणून की टार्टरिक म्हणून, पातळ केलेल्या रसात की मूळ रसात. म्हणून उत्तर लिहिताना आकड्यापुढे हे तिन्ही लिहायचं. नुसतं 'आम्लता ०.७०' असं लिहिलेलं उत्तर मी अर्धंच धरतो.

मूळ सूत्र एकच:

आम्लता (%) = अल्कलीचं आकारमान (मिली) × नॉर्मॅलिटी × आम्लाचा मिलीसममूल्य भार (ग्रॅम) × १०० ÷ नमुना (मिली किंवा ग्रॅम)

मिलीसममूल्य भार पाठच करा: निर्जल सायट्रिक ०.०६४०४, मॅलिक ०.०६७०५, टार्टरिक ०.०७५०४. सायट्रिकचे तीन हायड्रोजन अल्कलीशी विक्रिया करतात, म्हणून १९२.१२ ला ३ ने भागायचं. मॅलिक आणि टार्टरिकचे दोनच.

उदाहरण १. आधी अल्कलीची खरी नॉर्मॅलिटी

०.४०८५ ग्रॅम पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट (रेणुभार २०४.२२) उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवलं. ब्युरेटमधलं सोडियम हायड्रॉक्साइड २०.४५ मिली लागलं. नुसत्या पाण्याला, म्हणजे ब्लँकला, ०.०५ मिली.

थॅलेटचे मिलीसममूल्य = ०.४०८५ × १००० ÷ २०४.२२ = २.०००३
खरं आकारमान = २०.४५ − ०.०५ = २०.४० मिली
नॉर्मॅलिटी = २.०००३ ÷ २०.४० = ०.०९८०५

बाटलीवर '०.१ N' लिहिलेलं असतं. ते तयार केल्या दिवशी खरं असेल, पण हे द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत राहतं. इथे ०.१ धरलं असतं तर पुढची प्रत्येक आम्लता सुमारे २ टक्क्यांनी जास्त आली असती. पाणी उकळून घेण्याचं कारणही तेच. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड स्वतःच थोडी अल्कली खातो.

उदाहरण २. नागपुरी संत्र्याचा रस

मृग बहाराच्या संत्र्यांचा गाळलेला रस. पिपेटने १० मिली रस घेऊन पाणी घातलं आणि वरच्या अल्कलीने पीएच ८.२ पर्यंत टायट्रेशन केलं. वाचनं: ११.६०, ११.२०, ११.१५, ११.२५ मिली. प्रयोगशाळेचं तापमान २८ अंश सेल्सिअस. साध्या हँड रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स १०.४. मूळ रसाचा पीएच ३.६५. आम्लता, दुरुस्त ब्रिक्स आणि गुणोत्तर काढा.

पहिलं वाचन अंदाजासाठीचं, अंत्यबिंदू ओलांडून गेलेलं. ते सोडून द्या. उरलेल्या तिघांची सरासरी ११.२० मिली.

आम्लता = ११.२० × ०.०९८०५ × ०.०६४०४ × १०० ÷ १० = ०.७०३ ग्रॅम प्रति १०० मिली, निर्जल सायट्रिक आम्ल म्हणून.

आता ब्रिक्स. ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात किती ग्रॅम साखर, आणि हे प्रमाण २० अंशाला धरलेलं. २८ अंशाला या पट्ट्यात कोष्टकातली दुरुस्ती सुमारे +०.६.

ब्रिक्स (तापमान दुरुस्तीनंतर) = १०.४ + ०.६ = ११.०

उपकरणात आपोआप तापमान दुरुस्ती असेल तर हे ०.६ मिळवायचे नाहीत. दुरुस्ती दोनदा झालेली वह्यांमध्ये दर वर्षी सापडते.

इथे बहुतेकजण ११.० ला ०.७०३ ने भागून मोकळे होतात. थांबा. ब्रिक्स आहे १०० ग्रॅमला आणि आम्लता काढलीय १०० मिलीला. दोन्ही एकाच पायावर आणा. ११.० ब्रिक्सच्या द्रावणाची घनता १.०४२३ ग्रॅम प्रति मिली.

आम्लता (वजनाने) = ०.७०३ ÷ १.०४२३ = ०.६७५ %

आणखी एक बारीक दुरुस्ती आहे. रिफ्रॅक्टोमीटर साखरेसाठी अंशांकित असतो. सायट्रिक आम्ल तेवढ्याच वजनाच्या साखरेपेक्षा प्रकाश कमी वाकवतं, त्यामुळे आंबट रसाचं ब्रिक्स कमी दिसतं. लिंबूवर्गीय रसांसाठी वापरतात ती दुरुस्ती (अ म्हणजे वजनाने आम्लता टक्के):

०.०१२ + ०.१९३ × अ − ०.०००४ × अ²
= ०.०१२ + ०.१३० − ०.०००२ = ०.१४

दुरुस्त ब्रिक्स = ११.० + ०.१४ = ११.१
गुणोत्तर = ११.१ ÷ ०.६७५ = १६.४

कसलीच दुरुस्ती न करता १०.४ ÷ ०.७०३ केलं असतं तर १४.८ आलं असतं. खरेदीच्या अटीत 'गुणोत्तर किमान १५' असेल तर एका हिशोबाने माल परत जातो आणि दुसऱ्याने उतरतो. फळं तीच. म्हणून करारात नुसतं गुणोत्तर लिहून भागत नाही, ते कोणत्या पद्धतीने काढायचं हेही लिहावं लागतं.

उदाहरण ३. त्याच रसाचा पीएच आम्लतेबद्दल काय सांगतो?

(क) मुक्त हायड्रोजन आयन किती?

[H⁺] = १० चा −३.६५ वा घात = ०.०००२२४ मोल प्रति लिटर
टायट्रेशनने आलेली एकूण आम्लता = ११.२० × ०.०९८०५ ÷ १० = ०.१०९८ सममूल्य प्रति लिटर

०.०००२२४ ÷ ०.१०९८ = सुमारे ०.२ टक्के. म्हणजे अल्कलीने जेवढी आम्लता गाठली त्यातला हजारात दोन एवढाच भाग पीएच मीटरला दिसत होता. पीएचवरून आम्लता काढता येत नाही, ती यामुळे.

(ख) पाण्यात तेवढंच सायट्रिक आम्ल टाकलं तर पीएच किती येईल?

मोलॅरिटी = ०.१०९८ ÷ ३ = ०.०३६६. पहिला pKa ३.१३, म्हणजे Ka = ०.०००७४१.
x² ÷ (०.०३६६ − x) = ०.०००७४१, म्हणून x = ०.००४८५, आणि पीएच = २.३१.

रसाचा पीएच मात्र ३.६५. हा फरक रसातल्या क्षारांमुळे, मुख्यतः पोटॅशियममुळे. सायट्रिक आम्लाचा बराच भाग झाडावरच सायट्रेट झालेला असतो आणि रस बफरसारखा वागतो.

(ग) मग सायट्रेट धरून एकूण सायट्रिक किती? (सगळं आम्ल सायट्रिकच आहे असं धरा. pKa ३.१३, ४.७६, ६.४०.)

पीएच ३.६५ ला, एकही हायड्रोजन न गेलेला रेणू १ धरला तर:
एक हायड्रोजन गेलेले = १० चा (३.६५ − ३.१३) वा घात = ३.३१
दोन गेलेले = ३.३१ × १० चा (३.६५ − ४.७६) वा घात = ०.२६
तिन्ही गेलेले नगण्य.

प्रत्येक रेणूमागे गेलेले हायड्रोजन = (३.३१ + २ × ०.२६) ÷ ४.५७ = ०.८४
म्हणजे टायट्रेशनसाठी उरलेले = ३ − ०.८४ = २.१६
एकूण सायट्रिक = (०.१०९८ − ०.०००२) ÷ २.१६ = ०.०५०७ मोल प्रति लिटर = ०.९७ ग्रॅम प्रति १०० मिली

टायट्रेशनने ०.७० आणि एकूण ०.९७. टायट्रेशनला फक्त शिल्लक हायड्रोजन दिसतात, क्षार होऊन बसलेला भाग दिसत नाही. एचपीएलसीने आलेला सायट्रिकचा आकडा टायट्रेशनपेक्षा मोठा आला की विद्यार्थी उपकरणाला दोष देतात. आधी हा हिशोब करून बघावा.

उदाहरण ४. द्राक्षाचा रस, पण कोणतं आम्ल?

नाशिकच्या द्राक्षांचा रस १० मिली, ०.१००० N अल्कली ८.६० मिली, दुरुस्त ब्रिक्स १८.६.

टार्टरिक म्हणून: ०.८६० × ०.०७५०४ × १० = ०.६४५ ग्रॅम प्रति १०० मिली, गुणोत्तर २८.८
सायट्रिक म्हणून: ०.८६० × ०.०६४०४ × १० = ०.५५१, गुणोत्तर ३३.८

दोन्ही हिशोब बरोबर आहेत. द्राक्षात टार्टरिक आणि मॅलिक मुख्य, म्हणून पहिला संकेत पाळायचा. फ्रान्समध्ये वाइनची आम्लता सल्फ्युरिक आम्ल म्हणूनही सांगतात, आणि तिथे कोणी वाइनमध्ये सल्फ्युरिक ओतलेलं नसतं.

(इथे गुणोत्तर मिलीच्या पायावर काढलं आहे. उत्तरात तसं नमूद करा.)

उदाहरण ५. कोकम

कोकमाच्या सालीचा अर्क, मीठ-साखर न घातलेला. १० ग्रॅम अर्क पाण्याने १०० मिली केला, त्यातला २० मिली घेतला. ०.१००० N अल्कली. वाचनं: ९.०० मिलीला पीएच ७.६२, ९.२० ला ८.०५, ९.४० ला ८.६०.

फिनॉल्फ्थॅलिन इथे निरुपयोगी. अर्क आधीच लालभडक, आणि त्यातलं अँथोसायनिन अल्कलीत निळं-हिरवं होतं. गुलाबी छटा कुठून दिसणार? पीएच मीटर लावून ८.२ चं आकारमान मधून काढा:

९.२० + ०.२० × (८.२० − ८.०५) ÷ (८.६० − ८.०५) = ९.२५ मिली

२० मिलीत मूळ अर्क किती? १० × २० ÷ १०० = २ ग्रॅम. नमुन्याच्या जागी २० लिहिलं की उत्तर दहापट चुकतं.

सायट्रिक म्हणून = ९.२५ × ०.१ × ०.०६४०४ × १०० ÷ २ = २.९६ %

कोकमातलं मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक. रेणुभार २०८.१२, तीन हायड्रोजन, मिलीसममूल्य भार ०.०६९३७. त्या हिशोबाने ३.२१ %.

परीक्षेत याच प्रश्नाला 'आगळाचं गुणोत्तर काढा' असं शेपूट जोडलेलं असेल तर काढू नका, कारण लिहा. आगळात मीठ असतं, रिफ्रॅक्टोमीटर मिठालाही ब्रिक्स म्हणून मोजतो, आणि गोडी-आंबटपणाच्या तोलाशी त्या आकड्याचा संबंध राहत नाही.

उदाहरण ६. मिश्रण

उदाहरण २ च्या १०० किलो संत्रारसाचं (ब्रिक्स ११.१, आम्लता ०.६७५ %) गुणोत्तर १४ वर आणायचं आहे. हाताशी कागदी लिंबाचा रस: दुरुस्त ब्रिक्स ८.४, आम्लता ६.८ %. लिंबाचा रस किती किलो?

क किलो धरू. विरघळलेले पदार्थ आणि आम्ल वेगवेगळे जोडायचे:

(११.१ × १०० + ८.४ क) ÷ (०.६७५ × १०० + ६.८ क) = १४
१११० + ८.४ क = ९४५ + ९५.२ क
क = १६५ ÷ ८६.८ = १.९ किलो

ताळा: ११२६ ÷ ८०.४ = १४.०.

गुणोत्तरांचीच सरासरी घेणारे (संत्रं १६.४, लिंबू १.२) जवळजवळ १९ किलो लिंबाचा रस काढतात. तो घातला तर गुणोत्तर साडेसहाच्या आसपास उतरतं आणि १०० किलो रस पिण्याजोगा राहत नाही. गुणोत्तरांची सरासरी घेता येत नाही, अंश आणि छेद सुटे मिळवावे लागतात.

लिंबाऐवजी सायट्रिक आम्ल वापरलं तर? आम्लही ब्रिक्समध्ये मोजलं जातं हे धरून: (१११० + १०० ग) ÷ (६७.५ + १०० ग) = १४, म्हणून ग = ०.१२७ किलो निर्जल आम्ल. डब्यावर 'मोनोहायड्रेट' लिहिलं असेल तर १२७ × ७०.०५ ÷ ६४.०४ = १३९ ग्रॅम.

स्वतः सोडवा

१. डाळिंबाचा रस १० मिली, ०.१००० N अल्कली ५.३० मिली, २० अंशाला ब्रिक्स १५.४, घनता १.०६१. आम्लाची ब्रिक्स दुरुस्ती सोडून द्या. वजनाच्या पायावर, सायट्रिक म्हणून गुणोत्तर काढा.

२. रसाचा पीएच ३.५ वरून ३.२ झाला. हायड्रोजन आयनांची संहती किती पट झाली? आम्लताही तेवढ्याच पटीने वाढली असं म्हणता येईल का?

३. उदाहरण ४ मधली आम्लता मॅलिक म्हणून लिहा.

उत्तरं: १) आम्लता ०.३२ %, गुणोत्तर ४८. २) दुप्पट, नाही, उदाहरण ३ पाहा. ३) ०.५७७ ग्रॅम प्रति १०० मिली.