मेरीला माहीत असतं, यशोदा विसरते

आई आणि मूल या विषयावर लिहिताना बहुतेक जण म्हणतात की आई कुठलीही असो, माया सगळीकडे सारखीच, आणि मग दोन-चार चित्रांची नावं घेऊन मोकळे होतात. मला हे पटत नाही. माझं म्हणणं असं की युरोपच्या ख्रिस्ती चित्रांत आईला मुलाचं पुढे काय होणार ते ठाऊक असतं आणि अख्खं चित्र त्याच जाणिवेवर उभं असतं, तर आपल्या कृष्णपरंपरेत आईला कळलेलं पुसून टाकलं जातं, कारण मूल कोण आहे हे लक्षात राहिलं तर तिला त्याची आई होऊन राहताच येणार नाही.

रफाएलचं एक चित्र घ्या, १५०५-०६ च्या सुमाराचं, फ्लॉरेन्सच्या उफ्फिझीत आहे. मेरी बसलीय, पुढ्यात दोन लहान मुलं, येशू आणि योहान, योहानाच्या हातात एक छोटासा पक्षी आणि येशू त्याला कुरवाळतोय. किती गोड वाटतं! पण तो गोल्डफिंच आहे, ज्याच्या तोंडावर लाल डाग असतो, आणि जुनी समजूत अशी की क्रूसाच्या वाटेवर येशूच्या काटेरी मुकुटातला काटा याने उपसला आणि तेव्हा उडालेलं रक्त याच्या अंगावर राहिलं. म्हणजे खेळायला दिलेल्या पक्ष्यातच त्या पोराचं मरण ठेवलंय. बेलिनीने साधारण १५०० साली काढलेल्या कुरणातल्या मेरीत तर बाळ मांडीवर झोपलंय आणि आई हात जोडून बघतेय, पण ती झोप इतकी सैल आहे की पुढे क्रूसावरून उतरवलेला देह याच मांडीवर येणार हे न सांगता कळतं. मायकेलअँजेलोने १४९८-९९ मध्ये तेच दगडात केलं, मांडी तीच, फक्त मूल मोठं झालेलं आणि मेलेलं. याला कारण आहे. ख्रिस्ती श्रद्धेत तारण क्रूसावर होतं, त्यामुळे बाळपणाचं चित्र बाळपणापाशी थांबूच शकत नाही, आणि लूकच्या शुभवर्तमानात म्हातारा शिमोन मेरीला आधीच सांगून ठेवतो की तुझ्या जिवातून तलवार जाईल.

आता यशोदा. कृष्णाने माती खाल्ली म्हणून ती रागावते, तोंड उघडायला लावते आणि आत अख्खं विश्व दिसतं, तारे, समुद्र, त्यात गोकुळ आणि स्वतः तीसुद्धा. भागवताच्या दहाव्या स्कंधात यानंतर जे होतं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. देवाच्या मायेने तिची आठवण जाते आणि ती पोराला उचलून मांडीवर घेते. चोळकाळातली यशोदेची एक ब्राँझमूर्ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, त्यात कृष्ण अंगावर पितोय, बाई निवांत, पुढच्या कशाची चाहूल नाही, कंस नाही, मथुरा नाही. कृष्णाचं बाळपण ही लीला आहे, ती पुढच्या कशाची तयारी नाही, म्हणून चित्र तिथेच पूर्ण होतं.

आणि आपल्याकडे सगळं माहीत असलेली आई नव्हती असंही नाही, देवकी होतीच की! तिला तुरुंगात जन्मतःच चतुर्भुज रूप दिसलं, ती घाबरली, तिने ते रूप आवरायला सांगितलं आणि त्याच रात्री पोर दुसरीकडे गेलं. मूर्तीत, चित्रांत, पाळणागीतांत मात्र लोकांनी ठेवली यशोदा. म्हणजे जन्म देणारी आणि जाणणारी बाजूला राहिली, वाढवणारी आणि विसरणारी जवळची झाली, आणि ही परंपरेने केलेली निवड आहे.

बघणाऱ्याची जागाही यामुळे बदलते. मेरीसमोर भक्त मागणं घेऊन उभा राहतो, आमच्यासाठी तुझ्या मुलाकडे शब्द टाक म्हणून. गोकुळाष्टमीला मात्र पाळण्याची दोरी भक्ताच्या हातात असते, पुष्टिमार्ग या कृष्णभक्तीच्या संप्रदायात तर रोज बाळाला उठवणं, नटवणं, जेवू घालणं हीच सेवा, तेव्हा पुरुषसुद्धा यशोदेच्या जागी जाऊन बसतो.

यावर कोणी हारीती पुढे करेल आणि तो आक्षेप बरोबर आहे. लोकांची पोरं खाणारी यक्षिणी, बुद्धाने तिचं धाकटं मूल भिक्षापात्राखाली लपवलं तेव्हा वेडीपिशी होऊन शोधत फिरली, मग त्याने विचारलं की शेकडो मुलांतलं एक गेलं तर तुझी ही गत, ज्यांचं एकुलतं एक गेलं त्यांचं काय? अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती नवरा पांचिक याच्याशेजारी बसलीय, मांडीवर मूल, आणि तळाच्या पट्टीत चिल्लीपिल्ली, त्यातली काही गुरुजींसमोर बसलेली. हिला दुःख कळलंय आणि ते विसरायची मुभा नाही, पण ते तिच्या मुलाच्या भविष्याचं नाही, दुसऱ्या आयांचं आहे, आणि त्या कळण्यामुळेच ती पोरं खायची सोडून पोरं राखणारी झाली. ती मेरीसारखी नाही आणि यशोदेसारखीही नाही, म्हणून मी माझा दावा कृष्णपरंपरेपुरताच ठेवलाय, ‘भारतीय आई’ अशी एकच पाटी लावली तर हारीतीला त्यात जागा उरत नाही.