सदनिकेच्या सरकारी मूल्याबाबतच्या कारणे दाखवा नोटिशीस उत्तर व मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची विनंती

दिनांक : 16 डिसेंबर 2024
चिपळूण, जि. रत्नागिरी

प्रति,
मा. निर्धारण अधिकारी,
आयकर विभाग
(ई-फायलिंग पोर्टलद्वारे)

विषय : निर्धारण वर्ष 2023-24. आयकर कायदा 1961, कलम 56(2)(x) खाली प्रस्तावित रु. 6,37,000 च्या वाढीस हरकत आणि कलम 50C(2) नुसार मूल्यांकन अधिकाऱ्याकडे संदर्भ करण्याची मागणी.
संदर्भ : आपली दि. 9 डिसेंबर 2024 ची कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

मी चिपळूणमध्ये मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवतो. ऑक्टोबर 2022 मध्ये मी बाजारपेठेच्या मागील अंगाला, शिवनदीच्या बाजूच्या एका दोन मजली जुन्या इमारतीतील तळमजल्यावरची सदनिका रु. 17,50,000 ला घेतली. दस्त नोंदवताना सरकारी मूल्य रु. 23,87,000 निघाले व मुद्रांक शुल्क त्यावर भरले गेले. या दोन आकड्यांतला फरक, म्हणजे रु. 6,37,000, माझे 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' का धरू नये, असे आपण विचारले आहे.

आकड्यांबद्दल माझा वाद नाही. फरक खरेदी किमतीच्या दहा टक्क्यांहून (रु. 1,75,000) जास्त आहे, हेही मान्य आहे. इसार आणि नोंदणी दोन्ही एकाच आर्थिक वर्षात झाली, रेडी रेकनरचा दर तोच होता, त्यामुळे कराराच्या तारखेचा मुद्दा मी उगाच काढत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की रु. 23,87,000 ही या सदनिकेची खरी बाजारभावाची किंमत त्या दिवशी नव्हती, आणि ते आपल्याच खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याने येऊन पाहावे.

रेडी रेकनरने बांधीव 62 चौ.मी. ला, इमारतीच्या वयाची घट धरून, प्रति चौ.मी. रु. 38,500 दर लावला आहे. हा दर इमारतीच्या दृष्टीने चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. याच इमारतीतली, याच मापाची दुसऱ्या मजल्यावरची सदनिका एप्रिल 2022 मध्ये रु. 24,50,000 ला विकली गेली, म्हणजे चौ.मी. ला रु. 39,516. रेकनरच्या जवळपासच. पण त्याच गल्लीतली तळमजल्यावरची 58 चौ.मी. ची सदनिका नोव्हेंबर 2022 मध्ये रु. 16,25,000 ला गेली, चौ.मी. ला रु. 28,017. माझा दर रु. 28,226 पडतो. दोन्ही व्यवहारांची सूची क्र. 2 सोबत जोडली आहे. वरच्या आणि खालच्या मजल्यातली ही दरी रेकनरच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही, कारण तक्ता विभाग बघतो, पाणी कुठपर्यंत आले ते बघत नाही.

पाण्याबद्दल थोडे सांगावे लागेल. 22 जुलै 2021 रोजी मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली आणि वाशिष्ठी-शिवनदीचे पाणी शहरात शिरले, हे सर्वांना माहीत आहे. 2005 सालीही शहराने पूर पाहिला होता. माझ्या सदनिकेत 2021 चे पाणी सात फूट दोन इंचांपर्यंत चढले. आतल्या खोलीच्या भिंतीवर, पूर्वीच्या मालकांनी कॅलेंडर टांगले होते त्याच्या मागे, पिवळट रेघ अजून तशीच आहे. दोनदा रंग दिला तरी पावसाळ्यात ती पुन्हा उमटते. घराचे सर्व स्विचबोर्ड साडेसात फुटांवर नेले आहेत. माझी आई दिवा लावायला मच्छरदाणीची काठी वापरते. मीटर पहिल्या मजल्याच्या जिन्यावर आहे. सागवानी दाराची चौकट फुगलेली असल्याने ते जोर लावल्याशिवाय बंद होत नाही. गाळाने भरलेली ड्रेनेजची लाइन मी घर घेतल्यावर स्वतः रु. 38,000 खर्चून बदलली. पावत्या जोडल्या आहेत.

विकणारे निवृत्त जोडपे पुण्याला मुलाकडे गेले. माझे त्यांच्याशी नाते नाही, ओळखही या व्यवहारातच झाली. त्यांनी आधी रु. 22,00,000 सांगितले होते. चौदा महिने गिऱ्हाईक येत-जात राहिले. येणारा प्रत्येक जण भिंतीची रेघ बघून निघून जायचा. माझ्या सख्ख्या भावानेही मला "तिथे पैसे घालू नको" असे सांगितले होते. दुकान चार पावलांवर असल्याने मी घेतली, आणि खरे सांगायचे तर मला परवडेल अशी शहरात दुसरी जागा नव्हती.

पूर्ण रक्कम बँकेतून दिली : रु. 1,00,000 इसाराचा धनादेश, रु. 13,00,000 गृहकर्जातून, उरलेले रु. 3,50,000 माझ्या बचत खात्यातून आरटीजीएसने. रोख एक रुपयाही दिलेला नाही. कर्ज देताना बँकेच्या पॅनेलवरच्या मूल्यमापकाने ऑगस्ट 2022 मध्ये सदनिका पाहून रु. 18,20,000 किंमत काढली होती. तो अहवाल आयकराची नोटीस येण्याच्या दोन वर्षे आधीचा आहे, तेव्हा तो माझ्या सोयीसाठी केलेला नाही हे आपल्या लक्षात येईल.

कायद्यात यासाठी वाट दिलेली आहे. कलम 56(2)(x) च्या तिसऱ्या परंतुकानुसार, करदात्याने कलम 50C(2) मधील कारणांवर मुद्रांक मूल्याला हरकत घेतली तर मालमत्तेचे मूल्यांकन मूल्यांकन अधिकाऱ्याकडे सोपवता येते. तिथल्या दोन्ही अटी मी पूर्ण करतो. एक, मुद्रांक मूल्य खऱ्या बाजारभावाहून जास्त आहे असे मी या पत्राने आपल्यासमोर सांगत आहे. दोन, त्या मूल्याविरुद्ध मी कोणत्याही प्राधिकाऱ्याकडे वा न्यायालयात अपील, पुनरीक्षण वा संदर्भ केलेला नाही. शुल्क जास्त मूल्यावर भरले याचा अर्थ ते मूल्य मान्य केले असा घेऊ नये. कर्जाची रक्कम सुटायची होती आणि नोंदणी थांबवून वाद घालत बसणे परवडणारे नव्हते.

परंतुकात 'संदर्भ करता येईल' असा शब्द असला तरी, करदात्याने हरकत घेतल्यावर तो अधिकार वापरणे अपेक्षित आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने सुनील कुमार अगरवाल प्रकरणात (2014) तर करदात्याने नीट मागणी केली नव्हती तरीही मूल्यांकनाची संधी द्यायला हवी होती, असे म्हटले आहे. माझी मागणी स्पष्ट आणि लेखी आहे.

मूल्यांकनात रु. 19,25,000 किंवा त्याहून कमी किंमत आली, तर फरक दहा टक्क्यांच्या आत राहतो आणि कोणतीही वाढ उरत नाही. त्याहून जास्त आली तर तेवढ्याच आकड्यापुरते मला ऐकून घ्यावे. रु. 23,87,000 हून अधिक आली, तरी कलम 50C(3) मुळे मुद्रांक मूल्याच्या पुढे जाता येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणजे संदर्भ केल्याने खात्याचे नुकसान काहीच नाही.

म्हणून विनंती की :
मूल्यांकन अधिकाऱ्याकडे तातडीने संदर्भ करावा, कारण निर्धारणाची मुदत 31 मार्च 2025 ला संपते. अहवाल येईपर्यंत प्रस्तावित वाढ करू नये. अहवालाची प्रत मला देऊन म्हणणे मांडू द्यावे. आणि निर्णय माझ्याविरुद्ध जाणार असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे सुनावणी द्यावी.

पाहणीसाठी सोमवार सोडून कोणत्याही दिवशी घर उघडे असते. सोमवारी दुकानात माल येतो. त्या दिवशी यायचे असेल तर आदल्या दिवशी कळवावे, मी थांबेन.

सोबत : नोंदणीकृत दस्त व मुद्रांक मूल्यांकन पत्रक, बँकेच्या मूल्यमापकाचा अहवाल, बँक खात्याचा उतारा, दोन सूची क्र. 2, ड्रेनेज दुरुस्तीच्या पावत्या, भिंतीच्या रेघेची व स्विचबोर्डांची छायाचित्रे, 2021 च्या पुराचा तलाठी पंचनामा.

आपला विश्वासू,
सुहास दत्ताराम शिगवण
(पॅन व मोबाईल : पोर्टलवरील नोंदीप्रमाणे)