विषय: आर्थिक वर्ष २०२५-२६, तिमाही ४ (जानेवारी ते मार्च २०२६) – खरेदी व टीडीएसचे तक्ते पुन्हा पाठवावेत; वर्ष आणि तिमाही लिहिण्याबाबत

दिनांक: ६ एप्रिल २०२६, सोमवार
प्रति: लेखा विभाग – लातूर, उदगीर, अहमदपूर, जालना, नांदेड

नमस्कार मंडळी,

गुरुवारी मी सगळ्यांना एका ओळीचा मेल टाकला होता: "क्यू फोर २०२५ चे आकडे आजच पाठवा." घोळ तिथंच झाला आणि तो माझा आहे, म्हणून आधी ते कबूल करतो.

उदगीरनं जानेवारी ते मार्च २०२६ चा तक्ता पाठवला. मला तोच हवा होता. जालन्यानं ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ चा पाठवला, कारण कॅलेंडरनं पाहिलं तर २०२५ ची चौथी तिमाही तीच. नांदेडनं जानेवारी ते मार्च २०२५ चा पाठवला. आपली चौथी तिमाही जानेवारीत सुरू होते आणि मी लिहिलं होतं २०२५, तेव्हा त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. अहमदपूरच्या सुनंदाताईंनी फोन करून विचारलं, "साहेब, कोणचा क्यू फोर?" खरं तर सगळ्यांनीच हे विचारायला हवं होतं, पण त्या दिवशी मी घाईत बोलत होतो हेही खरं.

शनिवारी संध्याकाळी मी सगळ्या तक्त्यांची बेरीज मारली आणि ती बरी दिसली. रक्कम पाहून काही खटकलंच नाही. जालन्याच्या तक्त्यात सोयाबीनच सोयाबीन आणि तूर नावाला, हे नजरेत आलं म्हणून वाचलो. जानेवारी ते मार्चमध्ये आपल्याकडं तुरीची आवक नाही, असं कसं होईल? तीन वेगवेगळ्या तिमाह्यांची बेरीज साहेबांच्या टेबलावर जायच्या बेतात होती.

तेव्हा आजपासून मेलमध्ये, तक्त्याच्या डोक्यावर आणि विषयाच्या ओळीत एकच रीत ठेवू. आर्थिक वर्ष दोन्ही सालांनी लिहायचं, तिमाहीचा आकडा वर्षानंतर द्यायचा आणि पुढं कंसात महिने सालासकट टाकायचे:

आर्थिक वर्ष २०२५-२६, तिमाही १ (एप्रिल ते जून २०२५)
आर्थिक वर्ष २०२५-२६, तिमाही २ (जुलै ते सप्टेंबर २०२५)
आर्थिक वर्ष २०२५-२६, तिमाही ३ (ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५)
आर्थिक वर्ष २०२५-२६, तिमाही ४ (जानेवारी ते मार्च २०२६)

चौथ्या ओळीत कंसातलं साल बदलतं. घोटाळा होतो तो इथंच, त्यामुळे कंस गाळायचा नाही. ओळ लांब झाली तरी चालेल.

"एफवाय २६" असं कुणीच लिहू नये. आपल्या सीए साहेबांच्या लेखी ते मार्च २०२६ ला संपणारं वर्ष, तर जालन्याच्या नव्या मुलाच्या लेखी एप्रिल २०२६ ला सुरू झालेलं. दोघंही ठाम आहेत. "चालू वर्ष", "मागचं वर्ष", "मागची तिमाही" हे शब्द फोनवर ठीक. मेल तीन महिन्यांनी उघडला की त्यांचा अर्थ बदललेला असतो.

आता यंदाचा खास मुद्दा. हा दोनदा वाचा.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. त्यात कर निर्धारण वर्ष नाही. ज्या वर्षी उत्पन्न, तेच "कर वर्ष". म्हणजे नुकतंच सुरू झालेलं आर्थिक वर्ष २०२६-२७ हे कर वर्ष २०२६-२७. पण नुकत्याच संपलेल्या २०२५-२६ च्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागू आहे आणि त्याचं कर निर्धारण वर्षसुद्धा २०२६-२७ च! आकडे तेच, वर्षं दोन. नुसतं "२०२६-२७ चं चलन" असं लिहून आलं, तर ते कुठल्या वर्षाचं हे मला मेलवरून कळणार नाही. मार्च २०२६ ची टीडीएस कपात ३० एप्रिलपर्यंत भरायची, ती जुन्या वर्षाची. एप्रिल २०२६ ची कपात ७ मेपर्यंत भरायची, ती नव्या वर्षाची. आठवड्याच्या अंतरानं दोन चलनं जातील. प्रत्येक मेलमध्ये "कर निर्धारण वर्ष" की "कर वर्ष" हे पूर्ण शब्दांत लिहा आणि शेजारी कपातीचा महिना टाका.

सोयाबीनचा हंगाम ही आणखी वेगळी गोष्ट. तो ऑक्टोबर ते सप्टेंबर. जुलै २०२५ मध्ये घेतलेला माल आर्थिक वर्ष २०२५-२६ चा, पण हंगाम २०२४-२५ चा. हमीभावाशी तुलना करायची तर ४,८९२ रुपयांशी. नोव्हेंबर २०२५ चा माल त्याच आर्थिक वर्षातला, पण हमीभाव ५,३२८. म्हणून खरेदीच्या तक्त्यात "हंगाम" हा रकाना वेगळा ठेवा आणि "वर्ष" अशा मोघम नावाचा रकाना काढून टाका. (गोदामाच्या जमिनीच्या कागदांवरचं महसूल वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि आजोबांच्या काळच्या कागदांवर फसली सन आहे. त्या वाटेला आपण जायचं नाही, ते तलाठ्यांकडं राहू द्या.)

मुंबईच्या खरेदीदाराची मूळ कंपनी जानेवारी ते डिसेंबर हे वर्ष धरते. त्यांच्या पत्रात "२०२६ ची पहिली तिमाही" आलं की ती आपली २०२५-२६ ची चौथी. त्यांना उत्तर देताना तिमाहीचा आकडाच लिहू नका. "१ जानेवारी २०२६ ते ३१ मार्च २०२६" एवढंच लिहा.

फाइलचं नाव असं ठेवा, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप क्रमानं लागतात:

```
FY2025-26_Q4_Kharedi_Jalna.xlsx
```

एक्सेलमध्ये तिमाही हातानं भरू नका. A2 मध्ये बिलाची तारीख असेल तर हे सूत्र लावा:

```
="FY"&YEAR(EDATE(A2,-3))&"-"&RIGHT(YEAR(EDATE(A2,9)),2)&" Q"&ROUNDUP(MONTH(EDATE(A2,-3))/3,0)
```

३१ मार्च २०२६ टाकून पाहा, `FY2025-26 Q4` आलं पाहिजे. १ एप्रिल २०२६ ला `FY2026-27 Q1`. जुन्या येणे बाकीच्या यादीत २०११-१२ सारखं वर्ष टाइप केलं की एक्सेल त्याची डिसेंबर २०११ ही तारीख करून टाकतं. तो रकाना आधी टेक्स्ट करून घ्या. नांदेडच्या यादीत असे बरेच डिसेंबर दिसतात, बालाजीराव, जरा बघाल का?

आता काम. जालना आणि नांदेड यांनी आर्थिक वर्ष २०२५-२६, तिमाही ४ (जानेवारी ते मार्च २०२६) चा खरेदी तक्ता बुधवारी, ८ एप्रिलला दुपारी ४ पर्यंत पाठवावा. उदगीरचा तक्ता बरोबर आहे, फक्त फाइलचं नाव बदलून पुन्हा टाका. अहमदपूरचा अजून यायचाय. याच तिमाहीच्या `26Q` विवरणपत्राची मुदत ३१ मे २०२६ आहे, पण विक्रेत्यांचे पॅन मला ३० एप्रिलपर्यंत तपासून हवेत.

आणि माझ्याकडून पुन्हा "क्यू फोर पाठवा" असा मेल आला, तर कुणी काही पाठवू नका. सुनंदाताईंसारखा फोन करा.

आपला,
लेखाप्रमुख, लातूर

ता. क. – आधी आलेले तिन्ही तक्ते मी "जुने" नावाच्या फोल्डरमध्ये हलवले आहेत. त्यातलं काही कॉपी करून नव्या तक्त्यात घेऊ नका, टॅलीतूनच काढा.