विषय: हायजीन सुपरवायझर (बँक्वेट किचन) पदाचा माझा अर्ज: फॉस्टॅक प्रमाणपत्र मिळालं, सोबत जोडलंय

स्नेहा मॅडम,

नमस्कार. मी दत्तप्रसाद गांवकर, फोंड्याहून. तुमच्या कांदोळीच्या हॉटेलातल्या हायजीन सुपरवायझरच्या जागेसाठी मी २३ जूनला अर्ज केला होता आणि २ जुलैला आपलं फोनवर बोलणं झालं होतं. तेव्हा आपण मराठीतच बोललो, म्हणून मेलही मराठीत लिहितोय. जोडलेलं प्रमाणपत्र इंग्रजीत आहे, त्यामुळे फायलीला लावायला अडचण येऊ नये.

फोनवर तुम्ही विचारलं होतं, "फूड सेफ्टी सुपरवायझरचं सर्टिफिकेट आहे का?" मी नाही म्हणालो होतो. फॉर्ममध्येही त्या रकान्यात 'नाही' असंच भरलंय. त्या दिवशी ते खरं होतं, आता नाही. एफएसएसएआयच्या फॉस्टॅक योजनेतलं अ‍ॅडव्हान्स केटरिंगचं प्रशिक्षण मी गेल्या मंगळवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, पणजीत पूर्ण केलं. शेवटची परीक्षा पास झालो आणि काल प्रमाणपत्र हातात आलं. ते दोन वर्षं चालतं. फॉर्म एकदा पाठवला की पोर्टलवर बदलता येत नाही (मी करून पाहिलं), म्हणून तुम्हालाच विनंती करतोय: एवढं एक उत्तर माझ्या फायलीत दुरुस्त करून घ्याल का? किचन टीमकडे माझी माहिती आधीच गेली असेल, तर हे प्रमाणपत्रही तिकडे पाठवलंत तर बरं होईल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. प्रमाणपत्रावर माझं नाव आधारप्रमाणे, वडिलांच्या नावासकट आहे. आधी पाठवलेल्या बायोडेटात मधलं नाव नव्हतं. दोन्ही मीच.

दर २५ फूड हँडलर्समागे एक प्रशिक्षित सुपरवायझर लागतो. तुम्ही सांगितलं होतं की चवथीनंतर लग्नांचा सीझन सुरू झाला की बँक्वेटवर माणसं वाढतात. त्या हिशेबात आता माझं नाव धरता येईल, हा या कागदाचा सरळ उपयोग. त्यापलीकडे माझा अनुभव होता तेवढाच आहे, चार वर्षांचा. एका दिवसाच्या प्रशिक्षणाने तो वाढला असं मी म्हणणार नाही.

पण एका बाबतीत माझी सवय बदलली. सध्या ट्रॉलरबंदी आहे, ३१ जुलैपर्यंत. आमच्याकडे बरीच मासळी बाहेरून बर्फातून येते. आजवर मी बांगडा घेताना कल्ले लाल आहेत का, डोळा वर आहे का, बोटाने दाबलं तर मांस परत वर येतं का, एवढंच बघायचो. घरी आईने शिकवलं तेच. पण बांगडा वाटेत गरम राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, वास यायच्या आधीसुद्धा होऊ शकतं, आणि नंतर कितीही शिजवलं तरी जात नाही. म्हणजे आमसूल घालून हुमण कितीही उकळलं, तरी खाणाऱ्याचं अंग लाल व्हायचं ते होतंच. परवा सकाळी आलेल्या क्रेटांत वर भरपूर बर्फ होता. मी आधी थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते पाहिलं, मग तळाच्या बांगड्यात खुपसला. ११ डिग्री! ५ च्या आत हवा होता. दिसायला एकदम फडफडीत. दोन क्रेट परत पाठवले, रजिस्टरला वेळ आणि तापमान लिहिलं. दुपारच्या थाळीत बांगडा नाही म्हणून शेफ माझ्यावर थोडे वैतागले, ते साहजिकच होतं. संध्याकाळी त्यांनीच दुसरा थर्मामीटर मागवायला सांगितलं.

तुमच्याकडची निवड अजून चालू आहे हे मला माहीत आहे. हा मेल घाई करण्यासाठी नाही; निर्णय घेताना समोर जुनी माहिती राहू नये, एवढ्यासाठीच. याला वेगळं उत्तर नाही दिलंत तरी चालेल. मूळ प्रमाणपत्र बघायचं असेल किंवा किचनमध्ये ट्रायलला बोलवायचं असेल, तर मंगळवारी कधीही कांदोळीला येऊ शकतो. इतर दिवशी एक दिवस आधी कळवलंत तर शिफ्ट बदलून घेईन. नोटीस पिरियड फोनवर सांगितला तोच, ३० दिवसांचा.

आपला,
दत्तप्रसाद गांवकर
फोंडा, गोवा
१५ जुलै

सोबत: फॉस्टॅक अ‍ॅडव्हान्स केटरिंग प्रमाणपत्र (पीडीएफ, १ पान). बायोडेटा पुन्हा जोडलाय; त्यात प्रमाणपत्राची एक ओळ आणि मधलं नाव घातलंय, बाकी काही बदललेलं नाही.