डाव्या हातासाठी

ताई,

सगळं ऑफिस तुम्हाला ताईच म्हणतं, म्हणून इथेही तेच. भेट कोणाकडून आहे हे शेवटपर्यंत सांगायचं नाही असं आपलं ठरलंय आणि ते मी पाळेन. चिठ्ठी टाइप केलीय तीही त्यासाठीच. नोंदवहीतली ओळ कोणाची, हे तुम्ही नुसत्या अक्षरावरून सांगता. दोन वाक्यं हातानं लिहिली असती, तर तिसऱ्याच्या आत तुम्ही मान वर करून थेट माझ्या टेबलाकडे बघितलं असतंत. खरं तर हातानं लिहायला फार आवडलं असतं, कारण भेट लिहिण्याचीच आहे.

पेटीत बारीक निबेचं एक फाउंटन पेन आहे. सोबत लवकर वाळणाऱ्या निळ्या शाईची बाटली आणि टीपकागदाचे काही तुकडे. तुकडे तुमच्या त्या लांबट वहीच्या मापानं कापलेत, पानांमध्ये ठेवले तर बाहेर डोकावणार नाहीत.

चिठ्ठ्या उचलल्या आणि तुमचं नाव निघालं, तेव्हाच मनात हे पक्कं झालं होतं. बैठकीत मुद्दे तुम्हीच लिहून घेता. बाकीचे बोलत असतात आणि माझी नजर पुष्कळदा तुमच्या हाताकडे जाते. अर्धं पान भरेपर्यंत करंगळीखालची कड निळी झालेली असते. मग तुम्ही रुमालाला हात पुसता, मनगट कागदापासून उचलता आणि पुढच्या ओळी तसा अधांतरी हात धरून लिहिता. पान संपलं की टेबलाखाली बोटं दोनदा उघडता-मिटता. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून टेबलाखाली, असं मला वाटतं. कोणाच्या तरी लक्षात आलंय, एवढं तुम्हाला कळावं.

तुम्हाला हे सांगायला नको, तरी हे पेन निवडण्यामागचं कारण सरळ सांगावं हे बरं: आपण डावीकडून उजवीकडे लिहितो. उजव्या हातानं लिहिणाऱ्याचा हात ओल्या अक्षरांपासून लांब जात राहतो, तुमचा मात्र त्यांच्यावरूनच सरकतो. शिवाय उजव्या हातानं निब ओढली जाते, डाव्या हाताला ती बऱ्याचदा ढकलावी लागते, आणि टोक अणकुचीदार असलं की ते कागदात रुततं. या पेनाच्या निबेचं टोक गोलसर आहे, त्यामुळे ढकलली तरी ती अडू नये. बारीक असल्यानं शाई कमी सोडते, आणि कमी शाई लवकर वाळते. दहांतला साधारण एक माणूस डावखुरा असतो, तरी कात्रीपासून खुर्चीला जोडलेल्या फळीपर्यंत सगळं उरलेल्या नऊ जणांच्या सोयीचं असतं. एक तरी वस्तू तुमच्या हाताचा विचार करून घेतलेली असावी, एवढीच इच्छा होती.

वापरण्याबद्दल थोडं. पहिल्यांदा शाई भरण्याआधी निब साध्या पाण्यानं धुवून घ्या, नव्या निबेवर कधी कधी तेलकटपणा राहिलेला असतो आणि शाई तुटक उतरते. गरम पाणी मात्र नको. भरताना निब पूर्ण बुडू द्या, आतल्या शाईच्या नळीचं, म्हणजे कन्व्हर्टरचं, टोक फिरवून शाई ओढा आणि दोन-तीन थेंब परत बाटलीत सोडा, म्हणजे टोपणात गळणार नाही. लिहिताना दाब अजिबात देऊ नका. बॉलपेनाची सवय असते त्यामुळे सुरुवातीला बोटं आपोआप दाबतात, पण इथे निब कागदाला नुसती टेकली तरी शाई उतरते. तुमच्या बोटांना यानंच सगळ्यात जास्त आराम पडेल असं वाटतं. चित्रकलेची काळी शाई यात कधीही घालू नका, ती आत वाळून बसली की पेन कायमचं जाम होतं. आणि लिहून झालं की लगेच टोपण लावा.

आता जे तोंडावर कधी बोलता आलं नाही ते.

नवीन माणूस आलं की पहिल्या दिवशी त्याच्या टेबलावर तुमच्या अक्षरातला एक कागद असतो. रजेचा अर्ज कोणाकडे द्यायचा, कुठला प्रिंटर जाड कागद घेत नाही, कोणाला सकाळी विचारायचं आणि कोणाला दुपारनंतरच. हे सांगण्याचं काम तुमच्याकडे कोणी दिलेलं नाही. तो कागद मलाही मिळाला आणि अजून ड्रॉवरमध्ये आहे. पहिल्या आठवड्यात कोणालाही काही विचारण्याचं धाडस नव्हतं, तेव्हा दिवसातून कितीदा तरी तो काढून वाचला जायचा. शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलं होतं, ‘यात नसेल ते मला विचारा.’ प्रत्येकाच्या कागदावर ही ओळ आहे, असं पुढे कळलं. त्यामुळे तिची किंमत कमी झाली नाही, उलट वाढली.

वर्षअखेरीचा ताळेबंद असो की कपाटं हलवण्याचा गोंधळ, शेवटी सगळे तुमच्या वहीपाशी येतो. कोण काय म्हणालं, काय ठरलं, कोणाच्या नावावर काम गेलं, सगळं तिथे असतं. चांगली गोष्ट अशी की त्या वहीत कामाचं श्रेय ज्याचं त्याच्याच नावावर लिहिलेलं असतं. बैठकीत ज्याचं बोलणं आवाजात बुडून गेलं, त्याचा मुद्दाही तुमच्या पानावर त्याच्या नावासकट सापडतो. असं कितीतरी जणांच्या बाबतीत झालंय. आभार मानायला कोणी तुमच्याकडे आलं असेल का, कोण जाणे. म्हणून सगळ्यांच्या वतीनं मी मानते-मानतो असा घोळ न घालता लिहिलं जातंय: मनापासून आभार.

आणि एक माझ्यापुरतं. एका वाईट दिवशी तुम्ही शेजारी खुर्ची ओढून बसलात. काय झालं हे विचारलं नाहीत, समोरच्या गठ्ठ्यातले अर्धे कागद स्वतःकडे ओढलेत आणि कामाला लागलात. संध्याकाळी जाताना फक्त म्हणालात, ‘उद्या बघू.’ तुम्ही हे इतक्या जणांसाठी केलंय की तो दिवस नेमका कोणाचा, हे तुम्हाला आठवायचं नाही. माझ्या मात्र तो कायमचा लक्षात राहील.

पेन ऑफिसच्या कामालाच वापरलं पाहिजे असं मुळीच नाही. घरची यादी, एखादं पत्र, नातलगांचे वाढदिवस, काहीही लिहा. कपाटात जपून ठेवू नका एवढंच मागणं आहे. फाउंटन पेन पडून राहिलं की शाई आत सुकते, रोज चार ओळी लिहिल्या तर ते छान चालतं.

पेटीच्या तळाशी वॉरंटीचं कार्ड आहे. निब तुमच्या हाताला रुचली नाही तर ती महिन्याभरात बदलून मिळेल, तसं आधीच बोलून ठेवलंय. कार्डावर फक्त दुकानाचा शिक्का आहे, घेणाऱ्याचं नाव नाही. दुकानदारालाही विचारू नका, त्याच्याकडून शब्द घेतलेला आहे.

तुमच्याच ऑफिसमधलं,
कुणीतरी