ग्रुप: 'सोसायटी पार्किंग' (अण्णा नाहीत!!)

मुक्ता: सगळे आले का? नाव मुद्दाम बोअर ठेवलंय, कुणाच्या फोनवर वर नोटिफिकेशन दिसलं तरी अण्णा ढुंकून बघणार नाहीत

अमेय: रविवार २ तारीख, संध्या ६, गंगापूर रोडचा हॉल बुक केलाय, ४० माणसं. पंचाहत्तरी आहे म्हणून बाकी काही नाही निदान दिवे तरी ७५ पाहिजेत

शैला आत्या: सुप्रभात 🌹 ७५ दिव्यांनी औक्षण करायचं मी पणत्या पंचवटीतून आणते पण कणकेचे केले तर जास्त चांगले दिसतात आणि तुझ्या आईला सांगितलं का कुणी

अमेय: आत्या आईला ग्रुपमध्ये घ्यायचं नाहीये. आईचे मेसेज अण्णाच वाचून दाखवतात, मोठ्याने, दोन वेळा

मुक्ता: आणि उत्तर पण तेच टाइप करतात 😭 म्हणजे आपण त्यांनाच विचारणार की अण्णांना कळलं तर नाही ना

स्नेहल: आईंना मी किचनमध्ये मिक्सर चालू करून सांगते. चटणी वाटायची आहेच

संदीप: काकांच्या प्रेसच्या मित्रांना फोन केले, सात जण नक्की, नाशिकरोडहून एकाच गाडीत येतील. म्हटलं कुणाला बोलू नका तर एक जण भडकलेच, अरे आयुष्यभर नोटा आणि पासपोर्ट छापले आम्ही, घरी बायकोला कधी सांगितलं नाही, तू आम्हाला गुपित शिकवतोस?

मुक्ता: 😂😂 मला आत्याचीच भीती वाटते

शैला आत्या: मी काय केलं

मुक्ता: काल फॅमिली ग्रुपवर "जिलेबी किती किलो" कुणी टाकलं होतं आत्या

शैला आत्या: ते मी लगेच काढलं

अमेय: काढलं पण तिथे 'हा मेसेज डिलीट केला' असं दिसत राहतं ना, अण्णांनी खाली लिहिलंय, "शैला, काय डिलीट केलंस?"

शैला आत्या: मी सांगितलं साखर वाढलीये म्हणून जिलेबी कॅन्सल. आता तो रोज माझ्या शुगरची चौकशी करतो आणि कारल्याच्या रसाचे व्हिडीओ पाठवतो

संदीप: जिलेबी सराफ बाजारातून मी आणतो, गरमच, साडेपाचला निघतो. रविवारी रविवार कारंज्याला गाडी लावायला जागा मिळाली तर

स्नेहल: ऐका लोचा झालाय. अमेयचा फोन चार्जिंगला होता आणि अण्णांनी वरून ग्रुपचं नाव वाचलं. सकाळपासून तोंड फुगवून बसलेत. म्हणे सोसायटीत पार्किंगचा ग्रुप निघतो आणि मला कळवत नाहीत, तीन वर्षं मी चेअरमन होतो

मुक्ता: अगं बाई. मेसेज वाचला का?

स्नेहल: नाही, लॉक होता. पण चहा अर्धा टाकून सेक्रेटरींकडे निघालेत विचारायला

अमेय: सेक्रेटरींना फोन करतो, थांबा

मुक्ता: नाव बदलते लगेच

(मुक्ताने ग्रुपचं नाव बदलून 'केसगळती उपाय' केलं)

संदीप: मी टकला आहे मुक्ता, माझ्या फोनवर हे जास्त संशयास्पद दिसतं

अमेय: सेक्रेटरी भारी माणूस निघाला. अण्णा समोरच बसले होते म्हणून त्यांनी ऐनवेळी ठोकून दिलं की रविवारी सहाला जनरल मीटिंग आहे, बाहेर हॉलवर, आणि अध्यक्षपदासाठी तुमचंच नाव आहे, ग्रुप त्या तयारीचा होता

मुक्ता: म्हणजे त्यांना हॉलवर न्यायचं कसं हा प्रश्नच मिटला!! मी तर पुण्याहून आजारी पडायचा प्लॅन करत होते

स्नेहल: रविवारी ते सप्तशृंगी गडावर जाणार होते, फ्युनिक्युलरने. ते पण रद्द केलं. देवी पुढच्या रविवारी, पार्किंग आधी 🙏

शैला आत्या: त्याला नवा सदरा घ्या मीटिंगला कुणी तसंच जातं बनियनवर

स्नेहल: काढलाय त्यांनीच, इस्त्रीला दिला. आणि नकाशा काढतायत पार्किंगचा, फूटपट्टी घेऊन. कोणती गाडी कुठे ते रंगीत पेनांनी. जिन्याखालच्या दोन स्कूटर लाल, त्यांच्यावर विशेष राग आहे

अमेय: अरे देवा. भाषण पण करतील

संदीप: हॉलमध्ये दार उघडलं की सगळे ओरडणार ना हॅपी बर्थडे, मग नकाशाचं काय

मुक्ता: एवढं काढलंय तर दहा मिनिटं बोलू द्यावं का आधी? दिवे नंतर पेटवू

शैला आत्या: बोलू दे त्याला नाहीतर जेवणार नाही

अमेय: ठीक. सेक्रेटरींना सांगतो पहिल्या रांगेत बसून माना हलवा. प्रेसवाले मागे

स्नेहल: अमेय, अण्णा नकाशाच्या चाळीस झेरॉक्स काढायला सांगतायत. रंगीत. पैसे तुझ्याकडून घे म्हणालेत