पाठ टाचण: टाळी, मांडी, पाय आणि लय

इयत्ता पाचवी, 32 मुले, 40 मिनिटे. बाके भिंतीला, मुले गोलात उभी. वाद्य नको, मेट्रोनोम मिनिटाला 80 मात्रांवर, फक्त सुरुवातीला.

उद्दिष्ट: प्रत्येक मुलाने आठ मात्रांचे आवर्तन लय न सोडता किमान चार वेळा वाजवावे. किती अवघड वाजवले हे आज बघायचे नाही.

सुरुवात (5 मि.): सूचना न देता मांडीवर संथ थाप. मुले आपोआप सामील होतात. सगळे आले की थाप हळू करत न्यायची, मग थांबायचे.

प्रतिध्वनी (8 मि.): मी चार मात्रा वाजवणार, वर्ग तशाच परत देणार. बोल तोंडाने म्हणतच वाजवायचे: पायाला ‘धप’, मांडीला ‘थप’, टाळीला ‘टाळ’, रिकाम्या मात्रेला ‘चुप’. पहिला नमुना: धप थप टाळ चुप.

खरी गंमत ‘चुप’वर. हमखास कुणीतरी तिथे टाळी वाजवते. ओरडू नये, त्या मात्रेला तळवे बाहेर उघडायला सांगावे. हाताला काम मिळाले की रिकामी जागा सांभाळली जाते.

गटकाम (15 मि.): पूर्ण आवर्तन:
धप थप टाळ चुप । धप थपथप टाळ टाळ
‘थपथप’ एकाच मात्रेत बसते. तीन थर एकत्र चालतील: काहींनी फक्त दोन्ही ‘धप’, काहींनी पूर्ण आवर्तन, आणि ज्यांचे पक्के झाले त्यांनी दोन गटांत तेच आवर्तन चार मात्रांच्या अंतराने. थर मुलांनी निवडावा, मध्येच बदलायची मुभा. ‘धप’वाल्यांना कच्चे समजू नये, त्यांची लय सुटली तर सगळा डोलारा कोसळतो, हे वर्गाला एकदा त्यांना थांबवून ऐकवावे.

व्हीलचेअरवरची मुलगी ‘धप’ छातीवर हलक्या हाताने वाजवेल. मोठा आवाज न सोसणारा मुलगा दाराजवळ उभा राहील. त्याच्या बाजूचा गट दोन बोटांनी टाळी देईल. चुटकी आज नाही, या वयात अनेकांना ती वाजत नाही.

रचना (8 मि.): चौघांच्या गटाने चार मात्रांचा स्वतःचा नमुना करावा. अट एकच, त्यात एक तरी ‘चुप’ हवा. सादरीकरण सलग, मध्ये टाळ्यांचे कौतुक नाही, नाहीतर लय तुटते.

मूल्यमापन (4 मि.): डोळे मिटून आवर्तन, आवाज कमी करत. आवाज वाढला की मुले पळतात आणि कमी झाला की रेंगाळतात, म्हणून इथेच कान द्यावा. वहीत तीनच खुणा: लय टिकली, आधाराने टिकली, अजून नाही. ‘अजून नाही’वाली मुले पुढच्या तासाला माझ्या समोर, कारण माझा पाय दिसला की बहुतेकांचे जमते.